विश्लेषण : माल गेटवर आला, मग पैसे कुठे अडले? खरेदीचा अख्खा प्रवास एका स्लाइडवर

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये दुपारी अर्धा तास बसलात, तर फोनवर एक संभाषण हमखास ऐकू येतं. ‘साहेब, आपलं बिल कुठवर आलं?’ पलीकडून उत्तर येतं, ‘भाऊ, आमच्याकडून तर गेलंय, अकाउंट्सला विचारा.’ अकाउंट्सवाले म्हणतात, ‘आमच्याकडे अजून जीआरएन आलेलं नाही, स्टोअरला विचारा.’ स्टोअरवाले म्हणतात, ‘माल तपासून मिळाला नाही, मेंटेनन्सला विचारा.’ यातला कुणीही खोटं बोलत नसतो. प्रत्येकाला फक्त आपल्या टेबलावरचं दिसतं. टेबलांच्या मधलं कुणालाच दिसत नाही, आणि कागद नेमका तिथेच पडून असतो.

ती मधली जागा दाखवणारं एक साधं चित्र आहे. त्याचं नाव स्विमलेन आकृती. बहुतेक कंपन्यांत ते ऑडिटच्या आधी घाईघाईने काढलं जातं आणि फाइलला लागतं. नीट काढलं तर एका स्लाइडवर कळतं की पुरवठादाराचे पैसे कोणत्या दोन खात्यांच्या मधे थांबलेत. २०२४ पासून हा प्रश्न फक्त पुरवठादाराचा राहिलेला नाही, कारण उशिराचा फटका खरेदीदाराच्या आयकरालाही बसतो. त्यामुळे हे चित्र कसं काढायचं आणि कसं वाचायचं, हे इथे एका उदाहरणातून पाहू.

स्विमलेन म्हणजे काय?

पोहण्याच्या तलावात दोऱ्या बांधून पट्टे आखलेले असतात. प्रत्येक जलतरणपटू आपल्याच पट्ट्यात पोहतो. या आकृतीतही तसे आडवे पट्टे असतात आणि प्रत्येक पट्टा एका खात्याचा असतो. कामाची पायरी ज्या खात्यात होते, तिचा चौकोन त्याच खात्याच्या पट्ट्यात बसतो. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो. बाण एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला, की काम एका खात्याने सोडलं आणि दुसऱ्याने धरलं असा त्याचा अर्थ.

ही पद्धत लोकप्रिय झाली ती गिअरी रमलर आणि अ‍ॅलन ब्रॅच या दोन अमेरिकी सल्लागारांमुळे. १९९० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकातच संघटनेच्या तक्त्यावरच्या ‘पांढऱ्या जागे’चा उल्लेख आहे. कंपनीच्या तक्त्यात खात्यांचे चौकोन असतात आणि त्यांच्यामधे कोरी जागा असते. सुधारणेला सर्वाधिक वाव याच कोऱ्या जागेत असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. स्विमलेनची मेख इथेच आहे. पाहणाऱ्याची नजर आधी चौकोनांकडे जाते, पण वाचायचे असतात ते पट्टे ओलांडणारे बाण.

उदाहरण कोणतं घ्यायचं?

जालना सळईसाठी ओळखलं जातं, म्हणून उदाहरणही तिथलंच घेऊ. समजा, सळई बनवणारा एक मध्यम आकाराचा रोलिंग मिल कारखाना आहे. मिलमध्ये तापलेली सळई योग्य वाटेने पुढे जावी म्हणून गाइड रोलर लागतात. ते झिजतात आणि सतत बदलावे लागतात. त्याच वसाहतीतलं एक छोटं वर्कशॉप ते बनवून देतं. वर्कशॉपची उद्यम नोंदणी ‘सूक्ष्म’ उद्योग म्हणून आहे. ऑर्डर १ लाख ८० हजार रुपयांची आहे.

चित्र काढायला बसण्याआधी एक काम करायचं असतं. ‘आपल्याकडे खरेदी कशी होते?’ असं मीटिंगमध्ये विचारायचं नाही. त्यावर नियमपुस्तिकेतलं उत्तर मिळतं. त्याऐवजी गेल्या महिन्यात पूर्ण झालेली एक खरी पर्चेस ऑर्डर निवडायची, तिचे कागद हातात घ्यायचे आणि ती जिथून जिथून गेली त्या प्रत्येक टेबलापर्यंत पायी जायचं. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारायचे : हा कागद तुमच्याकडे कोणाकडून आला, कोणत्या तारखेला आला, आणि तुम्ही तो कोणत्या तारखेला कोणाकडे दिला? उत्तरं चिकटचिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावायची. ही फेरी दोन-तीन तासांत होते. संगणक त्यानंतर उघडायचा.

कोणते पट्टे, कोणत्या पायऱ्या?

आपल्या उदाहरणात सहा पट्टे पुरतात. वरून खाली : पुरवठादार, मेंटेनन्स, स्टोअर, पर्चेस, व्यवस्थापन, अकाउंट्स. पट्ट्याला माणसाचं नाव द्यायचं नाही. माणूस बदलला की चित्र खोटं ठरतं, आणि नाव दिसलं की चर्चा कामावरून माणसावर घसरते. संगणकप्रणालीचाही पट्टा करायचा नाही. ‘ईआरपीमध्ये पडलंय’ म्हणजे कोणाच्या तरी स्क्रीनवर पडलंय. त्या कोणाचा पट्टा कोणता, हे ठरवायलाच तर आपण बसलोय.

पुरवठादाराचा पट्टा मात्र हवाच. अनेक कंपन्या तो काढतच नाहीत, कारण तो ‘आपला’ नाही. तो गाळला, की माल नेमका कधी आला आणि पैसे कधी गेले ही दोन्ही टोकं चित्राबाहेर पडतात.

पायऱ्या बारा होतात. मेंटेनन्स मागणीपत्र, म्हणजे इंडेंट, काढतं. स्टोअर साठा आहे का ते बघतं. असेल तर माल देऊन विषय संपतो, नसेल तर इंडेंट पर्चेसकडे जातं. पर्चेस कोटेशन मागवून तुलना करतं. व्यवस्थापन मंजुरी देतं. पर्चेस पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डर, काढतं. पुरवठादार चलन आणि बिलासह माल पाठवतो. स्टोअर गेटवर नोंद करून नग मोजतं. मेंटेनन्स मापं तपासतं. माल बरोबर असेल तर स्टोअर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, बनवतं. अकाउंट्स पीओ, जीआरएन आणि बिल समोरासमोर ठेवून जुळवतं. जुळलं नाही तर पर्चेसने फरक मिटवायचा. जुळलं की पेमेंट.

आता बाण मोजू. साठा नाही, मंजुरी मिळाली, माल चांगला निघाला आणि बिलही जुळलं, असा सगळ्यात सरळ प्रवास धरला तरी काम नऊ वेळा एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातं. बिल जुळलं नाही तर आणखी दोनदा. चौकोनात तासभराचं काम असतं, पण बाणावर आठवडे जातात, ते असे.

एका स्लाइडवर हे सगळं मावतं का?

मावतं, पण आधी मापं ठरवावी लागतात. पॉवरपॉइंटची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद आणि १९.०५ सेंटिमीटर उंच असते. शीर्षकाला वर सव्वादोन आणि तळटीपेला खाली पावणेदोन सेंटिमीटर सोडले, तर मधे सुमारे १५ सेंटिमीटर उरतात. सहा पट्टे म्हणजे प्रत्येकी अडीच सेंटिमीटर. डावीकडे खात्यांच्या नावांसाठी ३.८ सेंटिमीटरची पट्टी ठेवली, तर उरलेल्या रुंदीत ३.३ सेंटिमीटरचे नऊ उभे रकाने बसतात. चौकोन २.६ सेंटिमीटर रुंद आणि १.६ सेंटिमीटर उंच ठेवायचा, म्हणजे बाणाला ०.७ सेंटिमीटर जागा राहते.

पायऱ्या बारा आणि रकाने नऊ, मग बसणार कसं? लागोपाठच्या दोन पायऱ्या वेगळ्या पट्ट्यांत असतील तर त्या एकाच रकान्यात वरखाली ठेवता येतात. साठा बघणं आणि कोटेशन एका रकान्यात येतात. मंजुरी आणि पीओ दुसऱ्यात येतात. तपासणी आणि जीआरएन तिसऱ्यात. उरलेल्या सहा पायऱ्यांना एकेक रकाना. हिशोब जुळला. पट्ट्यांचा क्रमही याच विचाराने लावायचा. ज्या दोन खात्यांची देवाणघेवाण जास्त, ते पट्टे शेजारी ठेवले की बाण आखूड होतात आणि एकमेकांना छेदत नाहीत.

अक्षर १२ पॉइंटपेक्षा लहान नको. आकृती हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि फोनच्या पडद्यावर वाचली जाते. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळींना इंग्रजीपेक्षा जास्त उंची लागते. म्हणून चौकोनात जास्तीत जास्त दोन ओळी आणि तीन-चार शब्द ठेवायचे : ‘गेट नोंद, मोजणी’, ‘पीओ काढणे’. डायमंडच्या आकारात, म्हणजे निर्णयाच्या खुणेत, मजकुराला जेमतेम निम्मी जागा मिळते. तिथे दोन शब्दांचा प्रश्न लिहायचा, जसं ‘साठा आहे?’, आणि बाहेर पडणाऱ्या बाणांवर ‘हो’ आणि ‘नाही’. एकच बाण बाहेर पडणारा डायमंड दिसला, की काढणाऱ्याने ‘नाही’ म्हटल्यावर काय होतं हे विचारलंच नाही असं समजा.

बाण काढताना `Insert > Shapes` मधली साधी रेघ घेऊ नका. तिथलाच `Connector: Elbow Arrow` घ्या आणि त्याची दोन्ही टोकं चौकोनाच्या कडेवरच्या ठिपक्यांना चिकटवा. मग चौकोन हलवला तरी बाण सोबत येतो. एका ओळीतले चौकोन निवडून `Shape Format > Align > Distribute Horizontally` दिलं की अंतरं सारखी होतात. पंधराच्या वर चौकोन होऊ लागले तर अक्षर लहान करू नका, विषय तोडा. पीओ निघेपर्यंत एक स्लाइड, माल आल्यापासून पेमेंटपर्यंत दुसरी.

बाणावर काय लिहायचं?

माझ्या मते चांगली आणि वाईट स्विमलेन ओळखण्याची एकच कसोटी पुरे आहे. पट्टा ओलांडणाऱ्या प्रत्येक बाणावर एखाद्या वस्तूचं नाव लिहिता येतं का? इंडेंट, कोटेशनचा तक्ता, पीओ, चलन, तपासणीचा शेरा, जीआरएन, बिल. नाव लिहिता येत नसेल तर तिथे प्रत्यक्षात काहीच दिलं जात नाही. कुणीतरी कुणाला फोनवर सांगतं, किंवा सांगितलं असं समजतं.

आपल्या उदाहरणात असा एक बाण सापडतो. स्टोअरकडून मेंटेनन्सकडे तपासणीसाठी जाणारा. त्यावर कोणता कागद जातो? फिरून विचारल्यावर कळतं की कोणताच नाही. रोलर स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवलेले असतात. मेंटेनन्सचा माणूस दुसऱ्या कामाने स्टोअरला आला, की बघतो.

दुसरी चूक म्हणजे एकच चौकोन दोन पट्ट्यांवर पसरवणं. ‘पर्चेस आणि अकाउंट्स मिळून फरक मिटवतात’ असं कुणी सांगतं आणि चौकोन मधल्या रेघेवर बसतो. तसा चौकोन म्हणजे ते काम कुणाचंच नाही याची कबुली असते. तो कोणत्या पट्ट्यात टाकायचा यावरून बैठकीत वाद होईल. तो वाद होऊ द्यावा, कारण चित्र काढण्याचा अर्धा फायदा त्यातच आहे.

तारखा टाकल्यावर काय दिसतं?

आता भिंतीवरच्या चिठ्ठ्यांवरच्या तारखा चित्रात भरू. समजा, आपली ऑर्डर अशी गेली.

माल गेटवर आला ३ जूनला. मिलचा ब्रेकडाऊन चालू होता, त्यामुळे मापं तपासली गेली १२ जूनला. जीआरएन झालं १४ जूनला. स्टोअर आठवड्यातून एकदा सगळे जीआरएन आणि बिलं एकत्र पाठवतं, म्हणून ते अकाउंट्सला पोचलं २० जूनला. २४ जूनला अकाउंट्सला दिसलं की बिलात वाहतुकीचे दीड हजार रुपये वेगळे लावलेत आणि पीओत वाहतुकीचा उल्लेखच नाही. बिल पर्चेसकडे परत गेलं. ८ जुलैला पर्चेसने पीओत दुरुस्ती केली. ११ जुलैला बिल पास झालं. पेमेंट महिन्यातून एकदाच, २५ तारखेला होतं, म्हणून पैसे गेले २५ जुलैला.

गेटपासून पेमेंटपर्यंत ५२ दिवस. यात प्रत्यक्ष काम किती? मापं घ्यायला तास, जीआरएनला वीस मिनिटं, जुळवणीला अर्धा तास, दुरुस्तीला दहा मिनिटं, पेमेंटला थोडा वेळ. सगळं मिळून तीन तासही होत नाहीत. बाकीचा सगळा वेळ बाणांवर किंवा पुढच्या टेबलाच्या ट्रेमध्ये गेला. ९ दिवस तपासणीची वाट, ६ दिवस आठवड्याच्या फाइलची वाट, १४ दिवस दीड हजारांचा फरक मिटण्याची वाट, आणि १४ दिवस २५ तारखेची वाट.

हे आकडे चौकोनात लिहू नका. ते बाणाशेजारी लहान लाल गोलात लिहा. स्लाइड उघडताच नजर लाल आकड्यांवर जाते आणि चर्चा आपोआप योग्य जागी सुरू होते.

४५ दिवस नेमके कुठून मोजायचे?

इथे कायदा चित्रात येतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत कितीही लिहिली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी काही ठरलं नसेल तर १५ दिवसच मिळतात. ही मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात. स्वीकारणं म्हणजे काय, हेही कायद्यात सांगितलं आहे. माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. खरेदीदाराने पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर झाली तो दिवस. लेखी हरकत नसेल, तर पुन्हा माल पोचला तोच दिवस.

म्हणजे घड्याळ सुरू होतं ते स्टोअरच्या पट्ट्यात, गेटच्या नोंदीपाशी. जीआरएनची तारीख, बिल अकाउंट्सला मिळाल्याची तारीख किंवा बिल पास झाल्याची तारीख यांना या मोजणीत स्थान नाही.

आपल्या उदाहरणात ३ जूनपासून ४५ दिवस १८ जुलैला संपतात. पैसे गेले २५ जुलैला, म्हणजे ७ दिवस उशीर. आता अकाउंट्सच्या टेबलावरून पाहा. तिथे बिल २० जूनला आलं आणि २५ जुलैला पैसे गेले. त्यांच्या हिशोबाने ३५ दिवस. त्यांना वाटतं, आपण मुदतीच्या दहा दिवस आधीच पैसे दिले. ते प्रामाणिक आहेत, फक्त त्यांचं घड्याळ १७ दिवस मागे आहे. खात्याखात्यांचे अहवाल कितीही वाचले तरी हा घोळ दिसत नाही. सहा पट्टे एका स्लाइडवर आल्यावरच दिसतो, आणि ‘दोन स्लाइड केल्या तर काय बिघडतं’ याचंही उत्तर यात आहे. तोडायचंच असेल तर गेट आणि पेमेंट एकाच स्लाइडवर राहिले पाहिजेत.

सात दिवसांनी काय बिघडतं?

कायद्याने उशिरावर चक्रवाढ व्याज लागतं. दर महिन्याला चक्रवाढ आणि दर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. बँक रेट ६ टक्के धरला तर १८ टक्के. १ लाख ८० हजारांवर सात दिवसांचे सहाशे-सव्वासहाशे रुपये होतात. रक्कम फार नाही, आणि पुरवठादार ती मागतही नाही, कारण पुढची ऑर्डर त्याला हवी असते. म्हणूनच इतकी वर्षं ही तरतूद अनेक ठिकाणी कागदावरच राहिली.

फरक पडला तो २०२३ च्या वित्त कायद्याने. त्याने आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम घातलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशोबापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्यातल्या मुदतीनंतर दिले, तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी धरता येतो.

हीच ५२ दिवसांची सवय फेब्रुवारीत पाहा. माल १० फेब्रुवारीला आला, तर ४५ दिवस २७ मार्चला संपतात. ५२ व्या दिवशी ३ एप्रिल उजाडतो. मुदत उलटली आणि आर्थिक वर्षही. त्या १ लाख ८० हजारांचा खर्च संपलेल्या वर्षात धरता येत नाही, तेवढा नफा जास्त दिसतो आणि त्यावर कर भरावा लागतो. पुढच्या वर्षी वजावट मिळते, पण पैसा वर्षभर अडकतो. अशी पन्नास बिलं असली की ते मालकाच्या लक्षात येतं.

दोन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. उशीर होऊनही पैसे त्याच आर्थिक वर्षात गेले, तर वजावट जात नाही, व्याज मात्र लागू राहतं. आणि हे संरक्षण सूक्ष्म व लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याची उद्यम नोंदणी असली तरी तिचा उपयोग बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरता आहे. म्हणून आकृतीत पीओच्या पायरीशी एक छोटी खूण हवी : ‘उद्यम? उत्पादक?’ ही माहिती पर्चेसला ऑर्डर देतानाच विचारता येते. अकाउंट्सने ती मार्चअखेरीस शोधायला घेणं म्हणजे उशीर.

चित्र बदललं की काय बदलतं?

‘आज जे होतं’ ते चित्र पूर्ण झाल्यावरच ‘उद्या जे व्हावं’ ते काढायचं, आणि तेही त्याच मापाच्या दुसऱ्या स्लाइडवर, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर जाताना फक्त बदललेलं तेवढं हलतं. आपल्या उदाहरणात चार बदल पुरतात.

पहिला, गेटच्या नोंदीची तारीख हीच बिलाची मूळ तारीख धरायची आणि ती जीआरएनवर छापायची. दुसरा, स्टोअरकडून मेंटेनन्सकडे जाणाऱ्या बिननावी बाणाला कागद द्यायचा : तपासणी चिठ्ठी, तीन दिवसांच्या मुदतीची. माल खराब असेल तर हरकत १५ दिवसांच्या आत लेखीच गेली पाहिजे, कारण फोनवरच्या तक्रारीने घड्याळ थांबत नाही. तिसरा, वाहतूक कोणाकडे हे पीओतच लिहायचं. त्याने अकाउंट्स ते पर्चेस हा उलटा बाण जवळजवळ नाहीसा होतो. चौथा, जीआरएन झालं की त्याच दिवशी अकाउंट्सला पाठवायचं आणि पेमेंट महिन्यातून दोनदा, १० आणि २५ तारखेला करायचं.

३ जूनचा माल ६ ला तपासला, ७ ला जीआरएन झालं, ८ ला अकाउंट्सला पोचलं, १२ ला पास झालं. १० तारीख हुकली तरी २५ जूनला पैसे गेले. २२ दिवस. नवा माणूस घेतला नाही, नवं सॉफ्टवेअर आणलं नाही.

या चित्राला काय जमत नाही?

स्विमलेन सरळ प्रवास चांगला दाखवते, अपवाद नाही. रात्री दोन वाजता मिल बंद पडली आणि फोनवरच माल मागवला, पीओ दुसऱ्या दिवशी निघाला, हे या स्लाइडवर नाही. पण अशा खरेद्या महिन्यात चार-पाच होत असतील, तर त्या अपवाद उरत नाहीत. त्यांची वेगळी स्लाइड काढावी. तपासणीला उशीर मेंटेनन्सच्या आळसाने झाला की तिथे दोनच माणसं आहेत म्हणून झाला, हेही चित्र सांगत नाही. ते फक्त नऊ दिवस कुठे गेले तेवढं दाखवतं. कारण विचारायला त्या टेबलापाशीच जावं लागतं.

आणि एका ऑर्डरच्या तारखा म्हणजे सगळ्या ऑर्डरींच्या तारखा नव्हेत. किमान चार-पाच ऑर्डरी त्याच वाटेने फिरवून पाहाव्यात. लाल आकडा प्रत्येक वेळी त्याच बाणावर मोठा येत असेल, तर दुखणं तिथेच आहे असं खुशाल समजावं.

‘आमच्याकडे लेखी कार्यपद्धती आहे, चित्र कशाला?’ असं विचारलं जातं. लेखी कार्यपद्धतीत प्रत्येक खात्याचं प्रकरण वेगळं असतं आणि प्रत्येक खातं आपलंच प्रकरण वाचतं. ‘माल तपासणीसाठी पाठवावा’ हे वाक्य तिथे निर्दोष दिसतं. आकृतीत मात्र त्या वाक्याचा बाण होतो आणि बाणावर काय लिहायचं हे विचारावंच लागतं. उत्तर नसेल तर रिकामा बाण सगळ्यांसमोर दिसतो. छोट्या पुरवठादाराने फोन करून ‘साहेब, बिल कुठवर आलं?’ विचारलं, की उचलणाऱ्याने स्लाइडकडे पाहून पट्टा आणि तारीख सांगता आली पाहिजे. तेवढं जमलं तर आकृती चांगली काढली असं म्हणता येईल.